दहा इलेक्ट्रॉन, चार आकार

गेल्या जानेवारीत दहावीतली एक मुलगी सराव परीक्षेची उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. मराठी माध्यमातली, रोज संध्याकाळी राजारामपुरीत क्लासला जाणारी, अक्षर मोत्यासारखं. ‘आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते, शास्त्रीय कारण लिहा’ या प्रश्नाला तिला दोनपैकी दोन गुण होते. तिनं लिहिलं होतं की अणुअंक एकेकानं वाढतो, त्यामुळे केंद्रकावरचा धनप्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे जास्त ओढले जातात, म्हणून त्रिज्या कमी होते.

मी तिला म्हटलं, “सोडियमचा अणुअंक अकरा, पोटॅशियमचा एकोणीस. धनप्रभार आठनं वाढला. मग तुझ्या उत्तराप्रमाणे पोटॅशियम सोडियमपेक्षा लहान व्हायला पाहिजे.”

“तिथं नवीन कवच येतंय ना, मॅडम.”

“येतंय. पण आठ प्रोटॉनांची जास्तीची ओढ कुठं गेली?”

ती बराच वेळ आवर्तसारणीच्या तक्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पण मॅडम, असं विचारत नाहीत ओ.”

तिचं म्हणणं खरं होतं. आपण असं विचारत नाही. आवर्तातली दिशा का, याचं एक उत्तर मुलं पाठ करतात. गणातली दिशा का, याचं दुसरं. दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांना येतात, प्रत्येकाला पूर्ण गुण मिळतात, आणि ती शेजारी ठेवली तर एकमेकांशी भांडतात हे कुणाच्याच लक्षात येत नाही. पहिलं उत्तर म्हणतं, प्रोटॉन वाढले की अणू आक्रसतो. दुसरं म्हणतं, कवच वाढलं की अणू मोठा होतो. गणात खाली जाताना तर दोन्ही वाढतात. मग कोण जिंकतं, आणि का? मला वाटतं, आवर्तसारणीवरचा कारणमीमांसेचा प्रश्न या ‘कोण जिंकतं आणि का’ इथून सुरू व्हायला हवा. त्याच्या आधीचं सगळं पाठांतर आहे, आणि पाठांतराला ‘शास्त्रीय कारण’ हे नाव देणं आपण थांबवावं.

त्या मुलीच्या उत्तरात एक पायरी नव्हती. ती पायरी अवघड नाही, दहावीच्या मुलाला एका वजाबाकीत कळते. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १. बाहेरच्या एकट्या इलेक्ट्रॉनला केंद्रकातले अकरा प्रोटॉन ओढतात, पण मध्ये दहा इलेक्ट्रॉन उभे आहेत. ते ऋणप्रभारित असल्यामुळे बाहेरच्याला दूर ढकलतात, म्हणजे केंद्रकापुढे आडोसा धरतात. अकरातून दहा गेले, बाहेरच्याला जाणवणारी ओढ सुमारे एकाची. मॅग्नेशियम २, ८, २. प्रोटॉन बारा, आतले इलेक्ट्रॉन तेच दहा. ओढ सुमारे दोनाची. कवच तेच तिसरं, आडोसा तोच, ओढ मात्र दुप्पट. म्हणून सोडियमची त्रिज्या १८६ पिकोमीटर आणि मॅग्नेशियमची १६०. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग.

आता पोटॅशियम. २, ८, ८, १. प्रोटॉन एकोणीस, आतले अठरा. ओढ पुन्हा एकाचीच. आठ प्रोटॉन वाढले खरे, पण आडोसाही आठानंच वाढला. बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला तीच जुनी ओढ आली, आणि तो उभा आहे तिसऱ्याऐवजी चौथ्या कवचात. म्हणून त्रिज्या २३१. ‘आठ प्रोटॉनांची ओढ कुठं गेली’ याचं उत्तर हे: ती आतल्या आठ जास्तीच्या इलेक्ट्रॉनांनी झाकली. आवर्तात हेच होत नाही, कारण तिथं वाढणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात जातो आणि शेजारी उभा राहणारा कधी नीट आडोसा देत नाही. एकाच वजाबाकीनं दोन्ही दिशा समजतात.

ही वजाबाकी ढोबळ आहे हे मी मुलांना सांगते. आतले इलेक्ट्रॉन शंभर टक्के झाकत नाहीत आणि शेजारचे अगदीच झाकत नाहीत असंही नाही. क्लोरीनसाठी सतरा वजा दहा म्हणजे सात येतात, बारकाईनं हिशेब केला तर सहाच्या आसपास. पण ढोबळ असूनही ती दिशा बरोबर सांगते, आणि शाळेत आपल्याला दिशाच हवी आहे.

सेमी इंग्रजीच्या मुलांचं दुखणं जरा वेगळं. त्यांच्या वहीत ‘इफेक्टिव्ह न्यूक्लिअर चार्ज’ आणि ‘शील्डिंग’ हे शब्द असतात, गाइडात ठळक छापलेले असतात, आणि उत्तरात ते दिसले की तपासणाऱ्याचा पेन आपोआप खूण करतो. मी अशा वर्गात विचारलंय, “शील्डिंग कोण करतं? कुणाला? कुणापासून?” उत्तर येत नाही. शब्द आलेला असतो, त्यातला कर्ता आणि कर्म आलेलं नसतं. तोच मुलगा ‘आडोसा’ म्हटल्यावर लगेच विचारतो की आडोसा आतले धरतात की बाहेरचे. म्हणून माझा आग्रह पारिभाषिक शब्दापेक्षा त्या प्रश्नावर आहे, जो विचारल्यावर शब्दामागे काही आहे की नाही ते कळतं.

तो प्रश्न कसा असावा, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण देते. फळ्यावर मी चार नावं आणि चार आकडे लिहिते. ऑक्साइड आयन O²⁻, १४० पिकोमीटर. फ्लुओराइड आयन F⁻, १३३. सोडियम आयन Na⁺, १०२. मॅग्नेशियम आयन Mg²⁺, ७२. मग प्रत्येकाचं संरूपण लिहायला लावते. चौघांचंही एकच येतं: २, ८. दहा इलेक्ट्रॉन, दोन कवचं, आडोसा सारखा. तरी पहिला चौथ्याच्या जवळजवळ दुप्पट. असं का?

या प्रश्नात पाठ केलेला नियम वापरायला जागाच नाही. आवर्त म्हणाल तर दोघं दुसऱ्या आवर्तातले, दोघं तिसऱ्या. तिसऱ्या आवर्तातले उलट लहान. कवचांची संख्या सारखी, इलेक्ट्रॉन सारखे. उरतात फक्त प्रोटॉन: आठ, नऊ, अकरा, बारा. जे बदलतंय ते एकच आहे, म्हणून कारणही तिथंच असणार, एवढा तर्क मुलाला स्वतः करावा लागतो. प्रयोगात आपण एक गोष्ट बदलतो आणि बाकीच्या तशाच ठेवतो, तसाच हा कागदावरचा प्रयोग आहे.

चुकणारी मुलंही इथं काहीतरी सांगून जातात. काही जण म्हणतात, “इलेक्ट्रॉन सारखे म्हणजे आकार सारखा, आकडे चुकलेत.” ही मुलं अणूला पिशवी समजतात, जितका माल तितकी फुगलेली. वहीतल्या आकृत्या त्याला खतपाणी घालतात, कारण आपण सोडियम आणि क्लोरीनची कवचं एकाच मापाच्या वर्तुळांनी काढतो आणि क्लोरीनच्या वर्तुळावर जास्त ठिपके दिसतात. काही जण म्हणतात, “ऑक्सिजननं दोन इलेक्ट्रॉन घेतले म्हणून तो मोठा.” हे अर्धं बरोबर आहे, पण ते अणूची त्याच्याच आयनाशी तुलना करतात, विचारलेली तुलना नाही.

तिसरी चूक सगळ्यांत लबाड आहे, कारण तिचं उत्तर बरोबर येतं. मूल म्हणतं, “मॅग्नेशियममध्ये बारा प्रोटॉनांची ओढ दहा इलेक्ट्रॉनांत वाटली जाते, ऑक्साइडमध्ये आठांचीच दहांत, म्हणून मॅग्नेशियम लहान.” ऐकायला छान वाटतं. तपासणारा पूर्ण गुण देऊन पुढं जाईल. पण केंद्रकाची ओढ भाकरीसारखी वाटली जात नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनला सगळे प्रोटॉन ओढतात आणि बाकीचे इलेक्ट्रॉन ढकलतात. मुलाच्या डोक्यात वाटणी आहे का, हे तपासायचं तर लगेच दुसरा प्रश्न टाकायचा. सोडियमच्या अणूत अकरा प्रोटॉन, अकरा इलेक्ट्रॉन. क्लोरीनच्या अणूत सतरा आणि सतरा. वाटणी केली तर दोन्हीकडे प्रत्येकी एक. मग आकार सारखे हवेत. प्रत्यक्षात सोडियम १८६ आणि क्लोरीन ९९. वाटणीवाला मुलगा इथं अडकतो आणि अडकल्यावरच ती कल्पना सोडतो. एकट्या प्रश्नानं जे कळत नाही ते प्रश्नांच्या जोडीनं कळतं, म्हणून असे प्रश्न नेहमी जोडीनं विचारावेत असं मला वाटतं.

आकाराचं एवढं झालं. क्रियाशीलतेकडे वळलं की पाठांतराचं नुकसान आणखी उघड दिसतं. गण १ शिकवताना मुलं ऐकतात: खाली जाताना आकार वाढतो, क्रियाशीलता वाढते. चार तासांनी गण १७ येतो: खाली जाताना आकार वाढतो, क्रियाशीलता कमी होते. दोन्ही वाक्यं वहीत शांतपणे नांदतात. मी वीस वर्षं एकच प्रश्न विचारत आले आहे: आकार दोन्हीकडे वाढतो, मग परिणाम उलटे का?

हा प्रश्न मी प्रयोगशाळेत विचारते. केरोसिनमधून सोडियमचा तुकडा काढून टिपकागदावर पुसायचा, तांदळाच्या दाण्याएवढा कापायचा. काप ताजा असताना चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता मळतो. पाण्यात टाकला की तो वितळून गोळी होते, ती पाण्यावर सुसाट पळते, आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं असेल तर तिच्या मागं गुलाबी रेघ उमटत जाते. सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा आहे. दुसऱ्या बाकावर परीक्षानळीत पोटॅशियम आयोडाइडचं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण. त्यात क्लोरीनचं पाणी दोन थेंब टाकलं की नळी तपकिरी होते, स्टार्च घातला की गडद निळी. क्लोरीननं आयोडाइडकडचा इलेक्ट्रॉन काढून घेतला आणि आयोडीन मोकळं पडलं. उलट पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात आयोडीन कितीही घाला, आयोडीन क्लोरीनला बाहेर काढू शकत नाही.

देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी बघितले की मुलं स्वतःच म्हणतात. देणाऱ्याला बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असलेला बरा. तो जितका लांब, तितका सैल. सोडियमचा एक मोल इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल लागतात, पोटॅशियमचा काढायला ४१९. घेणाऱ्याला मात्र येणारा इलेक्ट्रॉन जवळ बसवता आला पाहिजे. अणू मोठा झाला की तो लांब बसतो आणि पकड ढिली पडते. कारण एकच, अंतर. देणाऱ्याला अंतर फायद्याचं, घेणाऱ्याला तोट्याचं. हे ज्याला कळलं त्याला दोन वाक्यं पाठ करायची गरज राहत नाही, आणि परीक्षेत ती उलटीपालटी होण्याची भीतीही राहत नाही. दरवर्षी उत्तरपत्रिकांत ही दोन वाक्यं उलटीपालटी झालेली मी बघते, आणि तिथं आपण मुलाचं चूक धरतो.

इथं प्रश्न काढणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मला कळकळीनं काही सांगायचं आहे. कारण विचारायचं ठरवलं तर आपलं कारण कुठपर्यंत टिकतं हे आपल्याला आधी ठाऊक हवं. ‘फ्लुओरीन सर्वांत लहान, म्हणून इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा बाहेर टाकतो’ असं उत्तर मी छापील पाहिलं आहे. ते चूक आहे. एक मोल इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीन ३४९ किलोज्यूल बाहेर टाकतो, फ्लुओरीन ३२८. फ्लुओरीनचा अणू इतका लहान की आधीचे इलेक्ट्रॉन दाटीवाटीनं बसलेले असतात आणि नव्याला ढकलतात. तरी फ्लुओरीन सर्वांत क्रियाशील आहे, पण त्याचं मोठं कारण वेगळं: फ्लुओरीनच्या रेणूतला दोन अणूंमधला बंध क्लोरीनपेक्षा बराच कमजोर असतो, आणि दुसऱ्या अणूंशी होणारे त्याचे बंध पक्के असतात. दहावीच्या मुलाकडून हे अपेक्षित नाही. म्हणून प्रश्न क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या तिघांवर ठेवावा. तिथं आकाराचं कारण सरळ लागू होतं: ३४९, ३२५, २९५.

गण १ मध्येही असाच एक खड्डा आहे. पाण्यावर लिथियम संथ फसफसतो, सोडियम पळतो, पोटॅशियम जांभळट ज्वालेनं पेटतो. मुलं म्हणतात, इलेक्ट्रॉन सैल होत गेला म्हणून. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतो, पोटॅशियम ६४ अंशांना, म्हणून अभिक्रियेच्या उष्णतेनं ते वितळतात आणि नवा चकचकीत पृष्ठभाग पाण्याला सतत मिळत राहतो. लिथियम १८० अंशांपर्यंत घनच असतो. डोळ्यांना दिसणारा जोम आणि इलेक्ट्रॉन काढायची ऊर्जा या दोन गोष्टी शिक्षकानं मनात वेगळ्या ठेवाव्यात. मुलानं वितळण्याचा मुद्दा लिहिला, आणि एखादं चौकस मूल लिहितंच, तर गुणदान योजनेत नाही म्हणून तो कापू नये.

आणखी एक गोष्ट न्यायाची. लिथियम मोठा की मॅग्नेशियम, असं नुसतं विचारू नये. खाली गेल्यामुळे मॅग्नेशियम मोठा व्हावा, उजवीकडे सरकल्यामुळे लहान व्हावा. दोन कारणं विरुद्ध दिशांना ओढतात, आणि कुणाचं पारडं जड हे शाळेतल्या हिशेबानं ठरत नाही. आकडे आहेत १५२ आणि १६०. ते देऊन विचारा: “हे दोघं जवळजवळ सारखे का, ते दोन कारणांनी सांग.” तेच मूल, जे ‘मोठा कोण’ ला नाणं उडवल्यासारखं उत्तर देईल, ते इथं सुंदर लिहितं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मात्र बिनधास्त विचारा, तिथं दोन्ही कारणं एकाच बाजूची आहेत.

या सगळ्यावर शिक्षकांच्या बैठकीत जो आक्षेप येतो तो मी हलका मानत नाही. कोल्हापूर विभागात तीन जिल्हे येतात. कोल्हापूर शहरातली शाळा आणि शाहूवाडीच्या डोंगरातली शाळा, दोघींची मुलं एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. एका ठिकाणी प्रयोगशाळा, चार क्लास, घरात शिकलेले आईवडील. दुसऱ्या ठिकाणी तक्ता आणि फळा. नवीन प्रकारचा प्रश्न आला की शहरातलं मूल निभावेल, डोंगरातलं मागं पडेल, पाठ करून दोन गुण मिळवण्याचा त्याचा हक्काचा रस्ता आपण बंद करू, असं म्हणतात. शिवाय हजारो उत्तरपत्रिका, मोजके दिवस, तपासणारे अनेक. ठरलेलं वाक्य असलं की गुण सारखे पडतात. मोकळं उत्तर आलं की एक दोन देणार, दुसरा अर्धा.

पहिल्या मुद्द्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे. पाठांतराचा रस्ता गरिबाचा आहे असं आपण समजतो, पण नेमकी कोणती वाक्यं पाठ करायची, कोणत्या शब्दाखाली रेघ मारायची, हे विकत कोण घेतं? क्लासवालं मूल. वर दिलेला दहा इलेक्ट्रॉनांचा प्रश्न मात्र स्वतःची सगळी माहिती स्वतःबरोबर घेऊन येतो. आकडे दिलेले, नावं दिलेली. मुलाला संरूपण लिहिता यावं आणि वजाबाकी यावी, एवढंच भांडवल लागतं. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, गाइड लागत नाही.

दुसऱ्या मुद्द्याला उत्तर गुणदान योजनेत आहे. तीन गुणांचा प्रश्न करा आणि गुण वाक्यांना न देता तीन कामांना द्या. या दोघांत सारखं काय, याला एक. वेगळं काय, याला एक. त्यामुळे बाहेरच्या इलेक्ट्रॉनचं काय होतं, याला एक. सोडियम आणि मॅग्नेशियमला लावून बघा. सारखं: बाहेरचं कवच तिसरं, आतले इलेक्ट्रॉन दहा. वेगळं: प्रोटॉन अकरा आणि बारा. परिणाम: मॅग्नेशियमचे बाहेरचे इलेक्ट्रॉन जास्त ओढले जातात, म्हणून अणू लहान. मुलानं ‘आडोसा’ लिहिलं, ‘शील्डिंग’ लिहिलं, की नुसतं ‘मधले तेवढेच आहेत’ लिहिलं, गुण तोच. आणि ‘कारण आवर्तात त्रिज्या कमी होते’ असं लिहिलं तर शून्य. विचारलेला नियमच कारण म्हणून परत दिला तर त्याला एकही गुण देऊ नये, इथं मी कठोर आहे. मी आणि दोन सहकाऱ्यांनी एकाच गठ्ठ्यातल्या तीस उत्तरपत्रिका या पद्धतीनं वेगवेगळ्या तपासून बघितल्या. मोजक्याच ठिकाणी गुणांत फरक पडला, आणि तोही एका गुणापेक्षा जास्त नव्हता.

हे प्रश्न आले म्हणजे वर्गात फाटे फुटतील, पोर्शन मागे राहील, असंही कुणी म्हणतं. फाटे फुटतात, खरं आहे. यंदा एक फुटला. हुपरीचा एक मुलगा आहे, घरात चांदीचं काम. त्यानं मागच्या भिंतीवरच्या तक्त्यात तांबं, चांदी, सोनं एकाखाली एक बघितलं आणि विचारलं, “मॅडम, मग सोन्याचा अणू चांदीपेक्षा मोठा असणार ना?” मी आकडे काढून फळ्यावर लिहिले. तांबं १२८. चांदी १४४. सोनं १४४.

वर्ग गप्प. मग तो म्हणाला, “आमच्यात सोन्यात चांदी कितीबी घातली तरी मिसळतीय, वेगळी राहत न्हाई.” मी म्हटलं, बरोबर, दोन्हींच्या अणूंची रचना एकाच पद्धतीची आणि माप सारखं, एकाच्या जागी दुसरा सहज बसतो, म्हणून ते कोणत्याही प्रमाणात मिसळतात. पण एक अख्खं कवच वाढूनही माप का वाढलं नाही, ते तूच शोध. अणुअंक बघ.

तो तक्त्यापाशी गेला. तांबं २९, चांदी ४७, मध्ये अठराचं अंतर. चांदी ४७, सोनं ७९, मध्ये बत्तीसचं. बोटानं मोजत तो सहाव्या आवर्तापर्यंत आला आणि बोट तक्त्याच्या तळाशी वेगळ्या काढून ठेवलेल्या ओळीवर उतरलं. “ही चौदा जास्तीची हितं हायती,” तो म्हणाला. थोडा थांबला. “म्हणजे चौदा प्रोटॉन वाढले आणि इलेक्ट्रॉनबी चौदा आत वाढले. आडोसा पुरला असता तर सोनं मोठंच झालं असतं. मॅडम, हे आतले चौदा नीट आडोसा देत नसणार.”

मग मी त्याला त्या चौदांच्या उपकवचाचं नाव सांगितलं. ते इलेक्ट्रॉन विरळ पसरलेले असतात आणि केंद्रक कमी झाकतात, म्हणून त्यांच्यानंतरची सगळी मूलद्रव्यं अपेक्षेपेक्षा लहान निघतात. सोन्याच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, केंद्रक इतकं जड की आतले इलेक्ट्रॉन फार वेगानं फिरतात आणि त्यामुळे अणू अजून थोडा आक्रसतो, ते अकरावी-बारावीच्याही पुढचं. त्यानं ते ऐकलं, वहीत १४४ च्या दोन आकड्यांभोवती एक गोल काढला आणि तास संपल्यावर तक्त्यापाशी जाऊन शेजारच्या रकान्यात प्लॅटिनमच्या वर कोण आहे ते बघायला लागला.